एचआर म्हणतात ‘प्रोफाइल होल्डवर आहे’, तेव्हा काय उत्तर द्यायचं?

दोन टेक्निकल राउंड झाले, मॅनेजरशी बोलणंही चांगलं झालं, एचआरने पगाराची अपेक्षा विचारून घेतली. मग आठवडाभर शांतता, आणि एके दुपारी व्हॉट्सॲपवर एका ओळीचा मेसेज येतो: ‘तुमचं प्रोफाइल सध्या होल्डवर आहे, अपडेट आलं की कळवते.’ पहिल्यांदा नोकरी बदलणारी बहुतेक मुलंमुली यावर ‘ओके मॅम, थँक यू’ एवढंच लिहितात आणि वाट बघत बसतात.

पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी भरती करणं हे माझं काम आहे, त्यामुळे असे मेसेज मी स्वतः पाठवत असते. ‘ओके मॅम’ आलं की माझ्या बाजूने ते संभाषण संपतं. तुम्हाला काही कळलेलं नसतं, आणि तुमच्याबद्दल मलाही नवीन काही कळलेलं नसतं. उलट एखाद्याने नेमका प्रश्न विचारला आणि सोबत स्वतःची एखादी तारीख सांगितली, तर मला मॅनेजरकडे पुन्हा जायला कारण मिळतं. हा लेख त्या एका उत्तराबद्दल आहे. उदाहरणं हिंजवडी-खराडीच्या खाजगी आयटी कंपन्यांची आणि दोन ते पाच वर्षं अनुभव असलेल्यांची आहेत. सरकारी भरतीतली प्रतीक्षा यादी वेगळ्या नियमांनी चालते, तिचा इथे संबंध नाही.

होल्डवर कोण आहे, जागा की तुम्ही?

सगळ्यात आधी हे समजून घ्यायचं. आम्ही मेसेजमध्ये ‘प्रोफाइल’ लिहितो, पण कधी जागाच अडकलेली असते, तर कधी जागा मोकळी असते आणि तुमचं नाव बाजूला ठेवलेलं असतं. दोन्हींत तुम्ही काय करायचं हे वेगळं आहे.

जागा अडकते तेव्हा त्यात तुमचा दोष नसतो. सर्व्हिस कंपन्यांमध्ये बरीच भरती क्लायंटच्या प्रोजेक्टवर अवलंबून असते. प्रोजेक्ट मिळणार म्हणून मुलाखती सुरू होतात, आणि क्लायंटची सही लांबली की सगळी भरती थांबते. दुसरं कारण बेंचचं. बाहेरून माणूस घेण्याआधी कंपनी आपल्याच बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट नसलेल्या लोकांमध्ये, कोणी जुळतंय का ते बघते. तुमच्या मुलाखती चालू असताना आतला कोणी सापडला, तर तो रुळेपर्यंत बाहेरची जागा होल्डवर जाते. तिसरं कारण बजेट. एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन जागांची मंजुरी अडकू शकते आणि एप्रिलनंतर सुटू शकते. जानेवारी ते डिसेंबर वर्ष धरणाऱ्या परदेशी कंपन्यांत हाच प्रकार वर्षअखेरीस होतो.

जागा चालू असून तुम्ही होल्डवर असाल, तर त्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे बॅकअप. याचं गणित नवख्या उमेदवारांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा एका जागेसाठी मॅनेजरला दोघं आवडले. पहिल्याला ऑफर दिली. त्याचा नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे. या तीन महिन्यांत तो आणखी मुलाखती देऊ शकतो, त्याची सध्याची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू शकते, आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी तो फोन उचलायचा बंद होऊ शकतो. हे आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की दुसऱ्या उमेदवाराला ‘नाही’ म्हणायला कोणी धजत नाही. तो होल्डवर राहतो. पहिल्याने ऑफर स्वीकारली की दुसऱ्याची शक्यता कमी होते, पण ती पूर्ण संपते पहिला प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच. म्हणून बॅकअपचा होल्ड दोन आठवड्यांचाही असू शकतो आणि तीन महिन्यांचाही, आणि तो किती लांबेल हे तुम्ही कधी न पाहिलेल्या एका माणसाच्या नोटिस पिरियडवर ठरतं.

याशिवाय पगाराचा आकडा बजेटमध्ये बसत नसेल, पॅनलमधल्या दोघांचं मत वेगळं असेल, किंवा मॅनेजरला अजून एक-दोन प्रोफाइल बघायची असतील, तरीही तुमचं नाव बाजूला राहतं. आणि हेही खरं की काही वेळा होल्ड म्हणजे सौम्य शब्दांतला नकार असतो. नकार कळवणं अनेकांना जड जातं. पण होल्ड ऐकल्याबरोबर ते गृहीत धरू नका. विचारल्यावर काय उत्तर येतं त्यावरून ते बऱ्यापैकी ओळखता येतं.

लिहिण्याआधी काय बघायचं

मेसेज कोणाकडून आला ते आधी बघा. ईमेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा असेल तर ती व्यक्ती कंपनीच्या भरती टीममधली आहे आणि मॅनेजरला थेट विचारू शकते. पत्ता दुसऱ्याच फर्मचा असेल तर तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत गेला आहात. कन्सल्टन्सीतल्या माणसाला बरेचदा कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवर दिसतं तेवढंच माहीत असतं, आणि तिथे नुसतं ‘On Hold’ लिहिलेलं असतं. त्याला ‘मला का घेतलं नाही’ विचारून उपयोग नाही, कारण ते त्यालाही कळवलेलं नसतं.

मग कंपनीच्या करिअर पेजवर जाऊन तुमच्या जॉब आयडीची जाहिरात अजून दिसते का पाहा. ती काढून टाकलेली असेल तर जागा थांबली किंवा भरली असण्याची शक्यता वाढते. दिसत असेल तर मात्र त्यातून फार निष्कर्ष काढू नका. एकाच जाहिरातीवर पाच-सहा जागा भरल्या जातात, आणि बंद झालेल्या जागेची जाहिरात काढायचं राहून गेल्याचंही मी पाहिलं आहे. पोर्टलवरच्या ‘Under Consideration’ या स्टेटसचंही तसंच आहे. ते कोणी हाताने बदलेपर्यंत तसंच राहतं.

आणि स्वतःच्या तारखा कागदावर मांडा: नोटिस पिरियड किती, दुसरीकडे कुठे मुलाखत सुरू आहे, हातात ऑफर असेल तर ती कधीपर्यंत स्वीकारायची आहे. उत्तरात वजन येतं ते या तारखांनी.

एक उदाहरण पूर्ण बघू

समजा, नाशिकची एक मुलगी तीन वर्षं पुण्यात टेस्टिंगमध्ये काम करते आहे. मॅन्युअल टेस्टिंग आणि थोडं सेलेनियम येतं. सीटीसी ५.४ लाख, नोटिस पिरियड ६० दिवस. एका कंपनीत ३ जूनला टेक्निकल राउंड, १० जूनला मॅनेजर राउंड आणि १३ जूनला एचआरशी बोलणं झालं. तिथे तिने ८ लाखांची अपेक्षा सांगितली. २० जूनला होल्डचा मेसेज आला. दरम्यान १८ जूनला दुसऱ्या एका कंपनीने ७.२ लाखांचं ऑफर लेटर दिलं आहे आणि २७ जूनपर्यंत होकार मागितला आहे. पहिली कंपनी तिला कामाच्या दृष्टीने जास्त आवडली आहे.

तिने त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यावं. होल्डचा मेसेज व्हॉट्सॲपवर आला असला, तरी उत्तर मुलाखतीच्या ईमेलच्याच धाग्यात ‘रिप्लाय’ करून पाठवावं आणि व्हॉट्सॲपवर फक्त ‘मेल केला आहे’ एवढं कळवावं. जुन्या धाग्यात जॉब आयडी, मुलाखतीच्या तारखा, रेझ्युमे सगळं खाली असतंच. मला तो मेल मॅनेजरकडे जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. नवीन मेल उघडून ‘हाय, एनी अपडेट?’ लिहिलं तर मी आधी तुम्ही कोण ते शोधत बसते.

मेल अर्थातच इंग्रजीत जाईल. इथे मराठीत देते आहे, म्हणजे कोणतं वाक्य कशासाठी आहे ते नीट दिसेल:

> नमस्कार मॅडम,
>
> कळवल्याबद्दल आभार. क्यूए इंजिनिअरच्या जागेसाठी माझे तिन्ही राउंड १३ जूनला पूर्ण झाले आहेत.
>
> एक गोष्ट समजून घ्यायची होती. सध्या ही जागाच होल्डवर आहे, की जागा चालू असून माझ्या प्रोफाइलवर निर्णय व्हायचा आहे? आणि पुढचा आढावा साधारण कधी होईल?
>
> माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आहे आणि त्यांना २७ जूनपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मॅनेजर राउंडमध्ये समजलेलं काम मला आवडलं असल्यामुळे, तुमच्याकडची स्थिती २५ जूनपर्यंत कळली तर मला निर्णय घेणं सोपं जाईल. माझा नोटिस पिरियड ६० दिवसांचा आहे.
>
> माझ्याकडून आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर सांगा.

यापेक्षा लांब मेलची गरज नाही. पहिल्या परिच्छेदाने मला जागा आणि टप्पा आठवून दिला. दुसऱ्यातला प्रश्न ‘हे की ते’ अशा स्वरूपाचा आहे, म्हणून मी त्याचं एका ओळीत उत्तर देऊ शकते. ‘होल्ड म्हणजे नेमकं काय?’ असं मोघम विचारलं असतं, तर माझं उत्तरही मोघमच आलं असतं. तिसऱ्या परिच्छेदात धमकी नाही, फक्त एक खरी तारीख आहे. तिने २७ ऐवजी २५ मागितली, म्हणजे विचार करायला दोन दिवस तिच्याकडे उरले.

काय लिहिलं नाही, तेही बघा. दुसऱ्या कंपनीचं नाव नाही, आकडाही नाही. ‘मी खूप मेहनती आहे, एक संधी द्या’ नाही. घरची अडचण, हप्ते, आईवडिलांचं आजारपण नाही. वाचताना वाईट वाटतं, पण होल्ड काढायला त्याचा उपयोग होत नाही, कारण निर्णय घेणारी व्यक्ती बजेट आणि फीडबॅक बघत असते. आणि स्वतःहून पगाराची अपेक्षा कमी केलेली नाही. आकडा हे कारण आहे की नाही हेच अजून माहीत नसताना तो खाली आणायचा कशाला?

ऑफर नसेल, तर तिसऱ्या परिच्छेदात ‘माझ्या इतरत्र मुलाखती सुरू आहेत, म्हणून साधारण कालावधी कळला तर बरं’ एवढं पुरे. नसलेली ऑफर आहे म्हणून लिहू नका. ऑफर लेटर दाखवा असं आम्ही सर्रास म्हणतो, आणि तिथे गोष्ट उघडी पडली की पुढचं बोलणंच खुंटतं.

फोन आला तर

लेखी उत्तर टाळून रिक्रूटर फोन करतात, हे अगदी नेहमीचं आहे. लेखी न देता येणाऱ्या गोष्टी फोनवर सांगता येतात, म्हणून तो फोन महत्त्वाचा. आपल्या उदाहरणातलं बोलणं साधारण असं होईल:

‘अगं, पोझिशन चालूच आहे. सरांना अजून दोन प्रोफाइल बघायचेत, म्हणून तुझं होल्डवर ठेवलंय.’

‘बरं मॅडम. माझ्या मॅनेजर राउंडचा फीडबॅक आला आहे का?’

‘फीडबॅक चांगला आहे. पण तुझी आठची अपेक्षा आहे ना, त्यात थोडं खाली-वर होईल का?’

इथे कारण कळलं: आकडा. अशा वेळी घाबरून ‘हो हो मॅडम, सातलाही चालेल’ असं म्हणून टाकू नका. त्याऐवजी ती म्हणेल, ‘या जागेसाठी कंपनी जास्तीत जास्त किती देऊ शकते ते सांगाल का? मी विचार करून उद्या सकाळी नक्की कळवते.’ बहुतेक रिक्रूटर यावर आकडा सांगतात, कारण त्यांनाही जागा भरायची असते. समजा उत्तर आलं, ‘साडेसातच्या वर नाही जाणार.’ मग हेही लगेच विचारून घ्यायचं, की त्यात व्हेरिएबल किती. साडेसातमधले ७५ हजार व्हेरिएबल असतील, तर नक्की मिळणारी रक्कम पावणेसात लाख राहते, आणि हातातल्या ७.२ लाखांमध्ये व्हेरिएबल नसेल तर तीच ऑफर मोठी ठरते.

फोन संपला की त्याच धाग्यात दोन ओळी टाकायच्या: ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, जागा चालू आहे, आणखी दोन मुलाखती बाकी आहेत आणि कमाल सीटीसी ७.५ लाख आहे असं मला समजलं. माझं उत्तर उद्या सकाळी कळवते.’ यात अविश्वास नाही. रिक्रूटरकडे एका वेळी अनेक जागांचे उमेदवार असतात, आणि कोणाशी काय बोलणं झालं हे नंतर आठवत नाही. हीच ओळ पुढे दोघांच्याही कामी येते.

दुसऱ्या दिवशी ती लिहिते, की ७.५ लाख, त्यातलं व्हेरिएबल १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मला मान्य आहे, आणि ऑफर लेटर २६ जूनपर्यंत मिळालं तर मी तुमच्याकडे येईन. इथे तिचं काम संपलं. २६ला लेटर आलं नाही, तर २७ला हातातली ऑफर स्वीकारायची. ‘अजून दोन दिवस द्या, सर बाहेरगावी आहेत’ असं ऐकून हातातली ऑफर सोडू नका. फार तर दुसऱ्या कंपनीकडे दोन-तीन दिवसांची मुदतवाढ मागून बघा, तीही लेखी. ‘ठीक आहे, घ्या’ हे नुसतं फोनवर ऐकून निर्धास्त राहू नका.

आलेलं उत्तर कसं वाचायचं

‘जागा थांबली आहे, क्लायंटकडून कन्फर्मेशन नाही’ असं स्पष्ट उत्तर आलं, तर एकच पुढचा प्रश्न विचारा: जागा पुन्हा उघडली तर माझे झालेले राउंड धरले जातील, की मुलाखत नव्याने द्यावी लागेल? फीडबॅक सिस्टिममध्ये ‘सिलेक्ट’ म्हणून नोंदलेला असेल, तर थोड्या काळात उघडलेल्या त्याच जागेसाठी सहसा तो धरतात. मॅनेजर बदलला किंवा जॉब आयडी नवीन निघाला, तर निदान एक राउंड पुन्हा होतो.

बॅकअप आहात हे तोंडावर क्वचितच सांगतात, पण खुणा असतात. ‘पुढच्या महिन्याच्या शेवटी नक्की सांगता येईल’ अशी नेमकी पण दूरची मुदत येते. नोटिस पिरियड कमी होईल का, बायआउट चालेल का, असं विचारलं जातं, पण ऑफरबद्दल शब्द नसतो. कधी सॅलरी स्लिप आणि कागदपत्रं मागून ठेवतात. हे सगळं शुभ आहे, पण ती ऑफर नव्हे. तेव्हा थेट विचारायला हरकत नाही: ‘या जागेसाठी आधी कोणाला ऑफर गेली आहे का? तसं असेल तरी मला चालेल, फक्त त्याप्रमाणे मी माझं ठरवेन.’ शेवटच्या वाक्यामुळे समोरच्याला खरं बोलणं सोपं जातं. माझ्यापुरतं सांगायचं, तर असं कोणी विचारलं की मी बहुतेक वेळा खरं सांगते.

आणि उत्तर ‘वी विल गेट बॅक टू यू’ एवढंच आलं, कालावधी नाही, टप्पा नाही, तुमच्या तारखेची साधी दखलही नाही, तर शक्यता कमी आहे असं धरून चाला. दोनदा विचारूनही काहीच उत्तर नाही, तर जवळजवळ नकारच समजा. पक्का उमेदवार हातचा जाऊ नये म्हणून रिक्रूटर स्वतःहून फोन करतात.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर

इथे एक वेगळा धोका आहे. कन्सल्टन्सीने तुमचं प्रोफाइल कंपनीकडे पाठवलं की ठरावीक काळ, अनेक ठिकाणी सहा महिने, तुम्ही ‘त्यांचे’ उमेदवार म्हणून नोंदले जाता. होल्डला कंटाळून तुम्ही त्याच जागेसाठी दुसऱ्या कन्सल्टन्सीकडून किंवा ओळखीच्या माणसाच्या रेफरलने पुन्हा अर्ज केला, तर सिस्टिममध्ये डुप्लिकेट म्हणून दिसता. मग कमिशन कोणाचं या वादात पडायला नको म्हणून कंपनी उमेदवारच बाजूला ठेवू शकते. म्हणून आधी कन्सल्टन्सीला विचारा, की माझं प्रोफाइल कोणत्या जॉब आयडीवर, कोणत्या तारखेला पाठवलं, आणि ते किती काळ तुमच्या नावावर राहील. त्याच कंपनीतली दुसरी जागा हवी असेल तरी त्यांनाच आधी कळवा.

कंपनीच्या मॅनेजरला लिंक्डइनवर गाठून कन्सल्टन्सीला वळसा घालायचा मोह होतो. मुलाखतीबद्दल आभाराच्या दोन ओळी लिहायला हरकत नाही. पण ‘माझं काय झालं?’ हे तिथे विचारू नका. मॅनेजर तो मेसेज भरती टीमकडे पाठवतो, तिथून तो कन्सल्टन्सीकडे येतो, आणि तुमची बाजू मांडणारा एकमेव माणूस नाराज होतो.

एक गोष्ट मात्र कधीच मान्य करू नका. होल्ड काढण्यासाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, व्हेरिफिकेशनचे पैसे असं काहीही मागितलं, तर ती फसवणूक आहे. खरी कन्सल्टन्सी आपला मोबदला कंपनीकडून घेते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

पुन्हा कधी विचारायचं

पुढच्या आढाव्याची तारीख मिळाली असेल, तर ती उलटल्यावर एक-दोन कामाचे दिवस सोडून विचारा. तारीख नसेल तर दहा-बारा दिवसांनी एकदा आणि त्यानंतर साधारण महिन्याने एकदा, एवढं पुरे. दर दोन दिवसांनी ‘गुड मॉर्निंग मॅम, एनी अपडेट?’ आलं की आम्ही ते उघडतच नाही. पुन्हा विचारताना काही नवीन सांगण्यासारखं असेल तर मेल वाचला जातो: नोटिस पिरियड ६० वरून ३० दिवसांवर आला, एखादं सर्टिफिकेशन झालं, शहर बदलायची तयारी आहे, दुसरी ऑफर आली.

मधल्या काळात नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल चालू ठेवा आणि अधूनमधून अपडेट करा. उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता हे आम्हाला दिसतं, आणि महिनाभर थंड पडलेलं प्रोफाइल शोधात मागे जातं. ‘आपलं तर होतच आलंय’ या भरवशावर इतर मुलाखती थांबवणारे उमेदवार मी दर महिन्याला बघते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

राजीनाम्याबद्दल तर अगदी स्पष्ट सांगते. ‘तू सिलेक्ट आहेस, फक्त ऑफर निघायची आहे, तोपर्यंत रिझाइन करून टाक म्हणजे नोटिस पिरियड सुरू होईल’ असं कोणीही म्हणालं, तरी सही केलेलं ऑफर लेटर, त्यात पद, सीटीसी आणि जॉइनिंगची तारीख असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. उद्या जागा होल्डवर गेली तर तोंडी शब्दाची जबाबदारी कोणी घेत नाही. ऑफर लेटर मिळून राजीनामा दिल्यावर जॉइनिंग होल्डवर गेलं, तर प्रश्न जास्त गंभीर असतो. तेव्हा नवीन तारीख लेखी मागा, आणि तुमचा शेवटचा दिवस उजाडण्याआधीच सध्याच्या मॅनेजरकडे राजीनामा मागे घेता येईल का ते विचारा. तो दिवस उलटला की परत घेणं फार अवघड होतं.

होल्ड उठला तर

कधी कधी महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो: ‘पोझिशन ओपन झाली, तू अजून इंटरेस्टेड आहेस ना?’ आपल्या उदाहरणातल्या मुलीने २७ जूनला दुसरी ऑफर स्वीकारली आहे, राजीनामा दिला आहे, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हा फोन आला असं धरा. तिने खरं ते सांगावं: ‘मॅडम, मी एक ऑफर स्वीकारली आहे आणि २९ ऑगस्टला रुजू होते आहे.’ तरीही रिक्रूटर पुढे बोलत राहिली, तर ऐकून घ्यायला हरकत नाही. पण ‘हो’ म्हणण्याआधी चार गोष्टी नव्याने विचारायच्या: जॉब आयडी तोच आहे का, मॅनेजर आणि प्रोजेक्ट तेच आहेत का, सीटीसी किती आणि त्यात व्हेरिएबल किती, काम पुण्यातच आहे की बंगळुरूला जावं लागेल. होल्डच्या काळात यातलं काहीही बदललेलं असू शकतं, आणि फोन करणारा ते आपणहून सांगेलच असं नाही. उत्तरं मेलवर मागवायची, आणि ऑफर लेटर हातात येईपर्यंत २९ ऑगस्टची तारीख जिथे आहे तिथेच ठेवायची.